लहान कुत्र्यात पोर्टोसिस्टिमिक शंटचा संशय: तज्ज्ञाकडे जाणाऱ्या चिठ्ठीत काय असावं आणि का

सात-आठ महिन्यांचं पिल्लू वयाच्या मानाने फारच लहान राहिलं आहे, जेवल्यावर तासा-दोन तासांत ते झिंगल्यासारखं चालतं, भिंतीला डोकं टेकवून उभं राहतं, आणि काही वेळाने पुन्हा आपलं आपण ठीक होतं. नेहमीचे डॉक्टर रक्त-लघवी तपासतात, ‘शंटची शंका आहे’ असं सांगतात आणि मोठ्या शहरातल्या तज्ज्ञाकडे जायला एक चिठ्ठी देतात. पुढचे बरेच निर्णय त्या चिठ्ठीवर अवलंबून असतात. ती नीट लिहिलेली असेल तर तज्ज्ञाला पहिल्याच दिवशी थेट सीटी स्कॅनकडे वळता येतं. ती अर्धवट असेल तर त्याच तपासण्या पुन्हा होतात, आणि ज्या पिल्लाला उपाशी ठेवणं किंवा भूल देणं जोखमीचं आहे त्यालाच ते सगळं दोनदा सोसावं लागतं.

शंट म्हणजे नक्की काय?

आतड्यांतून निघणारं सगळं रक्त ‘पोर्टल व्हेन’ नावाच्या मोठ्या शिरेतून आधी यकृतात जातं. त्यात अन्नातली पोषकद्रव्यं असतात, तशीच आतड्यातल्या जिवाणूंनी प्रथिनांपासून तयार केलेला अमोनिया आणि इतर विषारी द्रव्यंही असतात. यकृत ती काढून टाकतं आणि मगच रक्त हृदयाकडे जातं. धरणातलं पाणी शुद्धीकरण केंद्रातून गावात येतं, तशीच ही व्यवस्था. आता कुणी धरणापासून थेट गावाच्या टाकीपर्यंत एक चोरनळ टाकला, तर गावाला गढूळ पाणी मिळेल आणि केंद्रात पुरेसं पाणी न पोहोचल्यामुळे त्याची यंत्रणाही पडून राहील. पोर्टोसिस्टिमिक शंट म्हणजे हा चोरनळ: पोर्टल व्हेनला शरीराच्या मुख्य शिरेशी थेट जोडणारी, तिथे नको असलेली रक्तवाहिनी.

त्यामुळे एकाच वेळी दोन गोष्टी घडतात. अमोनियासारखी द्रव्यं मेंदूपर्यंत पोहोचतात, म्हणून जेवणानंतर वागणूक बदलते. आणि आतड्याकडून येणाऱ्या रक्तावर वाढणारं यकृत उपाशी राहून छोटंच राहतं, म्हणून पिल्लूही वाढत नाही.

जन्मजात शंट दोन प्रकारचा असतो. यॉर्कशायर टेरियर, माल्टीज, शिह त्झू, पग अशा लहान जातींत तो बहुधा यकृताबाहेर असतो. लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर अशा मोठ्या जातींत तो बहुधा यकृताच्या आत असतो. दोन्हींची शस्त्रक्रिया आणि जोखीम बरीच वेगळी आहे, म्हणून चिठ्ठीच्या पहिल्या ओळीतली ‘जात’ ही औपचारिकता नसते.

एक चिठ्ठी, जशी असायला हवी

समजण्यासाठी एक उदाहरण रचू. पुण्यातली शिह त्झू जातीची मादी, नाव कोको. अशी चिठ्ठी आपल्याकडे बहुधा इंग्रजीत लिहितात. इथे ती मराठीत मांडली आहे.

*आदरणीय डॉक्टर,*

*कोको, शिह त्झू, मादी, नसबंदी न केलेली, वय ७ महिने, वजन २.९ किलो. त्याच वितेतल्या भावाचं वजन ४.६ किलो आहे. जन्मजात पोर्टोसिस्टिमिक शंटची शंका असल्यामुळे सीटी अँजिओग्राफी आणि शस्त्रक्रियेबाबत मत यांसाठी पाठवत आहे. सध्या प्रकृती स्थिर आहे. झटका एकदाही आलेला नाही.*

*गेल्या दोन महिन्यांत आठवड्यातून दोन-तीन वेळा गोल गोल फिरणं, भिंतीला डोकं टेकवणं, हाक मारली तरी न ओळखणं. हे बहुतेक वेळा कोंबडी किंवा कलेजी खाल्ल्यानंतर १ ते ३ तासांत होतं आणि काही तासांत थांबतं. मालकांनी काढलेले दोन व्हिडिओ सोबत आहेत. पाणी जास्त पिते. पाचव्या महिन्यात केस कापण्यासाठी गुंगीचं औषध दिलं होतं; पूर्ण सावध व्हायला सुमारे १० तास लागले. औषधाचं नाव आणि मात्रा जोडली आहे.*

*रक्त (सलाइन व औषधं सुरू करण्याआधी): युरिया नायट्रोजन ६, अल्ब्युमिन २.१, कोलेस्टेरॉल ९५, एएलटी १४२, बिलिरुबिन ०.२, तांबड्या पेशींचा सरासरी आकार ५६. बाइल अ‍ॅसिड: ८ तास उपाशी असताना ६८, जेवल्यावर २ तासांनी १८४ मायक्रोमोल प्रति लिटर. अमोनिया केलेला नाही, कारण नमुना वेळेत पोहोचवण्याची सोय नव्हती. मूळ रिपोर्ट व प्रयोगशाळेच्या नॉर्मल मर्यादा जोडल्या आहेत.*

*लघवी: घनता १.०१२, अमोनियम बाययुरेटचे स्फटिक. सोनोग्राफी: यकृत लहान, मूत्रपिंडं थोडी मोठी, मूत्राशयात बारीक खडे. शंटची वाहिनी दिसली नाही. आतड्यातल्या वायूमुळे तो भाग नीट पाहता आला नाही. पोटात पाणी नाही.*

*एर्लिकिया व बॅबेसियाची पीसीआर तपासणी नकारात्मक. लसीकरण पूर्ण.*

*१२ दिवसांपासून: लॅक्टुलोज १ मिली दिवसातून तीनदा, मेट्रोनिडाझोल २२ मिग्रॅ दिवसातून दोनदा, आहारात लाल मांस व कलेजी बंद. त्यानंतर डोकं टेकवण्याचा प्रकार एकदाच झाला.*

*प्रश्न: शंट एकच आहे का आणि कुठे आहे? तो बंद करण्याजोगा आहे का? खडे आणि नसबंदी त्याच भुलीत उरकता येतील का? शस्त्रक्रियेनंतरची देखरेख आम्ही करू शकतो, सूचना कळवाव्यात.*

चिठ्ठी एवढीच, एक पान. आता यातल्या ओळी काय सांगतात ते पाहू.

लिव्हरचे आकडे तर जवळजवळ नॉर्मल आहेत, मग आजार यकृताचा कसा?

मालकांना सगळ्यात जास्त गोंधळात टाकणारी गोष्ट हीच आहे, आणि घाईत असलेले डॉक्टरही इथेच चुकतात. एएलटी हे यकृताच्या पेशींच्या आत असणारं एन्झाइम आहे. पेशी फुटल्या की ते रक्तात येतं. शंटमध्ये पेशी फारशा फुटत नाहीत, त्यांना रक्त मिळत नाही इतकंच. म्हणून एएलटी थोडं वाढलेलं किंवा अगदी मर्यादेतही असू शकतं. बिलिरुबिन तर बहुधा नॉर्मलच असतं. कावीळ दिसली तर शंटपेक्षा वेगळ्या आजाराचा विचार आधी करावा लागतो.

यकृत काम करतंय का हे कळतं ते, यकृत जे *बनवतं* त्यातून. अल्ब्युमिन आणि कोलेस्टेरॉल यकृतात तयार होतं, म्हणून ते कमी. अमोनियाचं युरियात रूपांतर यकृतच करतं, म्हणून युरिया कमी. लोक युरिया वाढलेला पाहून घाबरतात. इथे तो कमी असणं ही खूण आहे, कारण न बदललेला अमोनिया रक्तातच फिरतो आहे. त्यातला काही युरिक अ‍ॅसिडसोबत लघवीत उतरतो आणि तिथे अमोनियम बाययुरेटचे काटेरी, तपकिरी स्फटिक होतात. तांबड्या पेशी आकाराने लहान असणं हेही शंटमध्ये अनेकदा दिसतं.

म्हणून ‘एलएफटी नॉर्मल’, म्हणजे यकृताच्या चाचण्या ठीक, एवढंच लिहिलेल्या चिठ्ठीचा उपयोग नाही. प्रत्यक्ष आकडे हवेत. आणि रक्त *कधी* घेतलं तेही हवं. कोकोच्या चिठ्ठीत ‘सलाइन व औषधं सुरू करण्याआधी’ हे शब्द आहेत, ते याचसाठी. दोन दिवस सलाइन लावल्यावर युरिया आणि लघवीची घनता तशीही खाली येते. कमी प्रथिनांच्या आहारानेही युरिया उतरतो. तेव्हा घेतलेला आकडा शंटकडे बोट दाखवतोय की सलाइनकडे, हे तज्ज्ञाला कळायला मार्ग राहत नाही.

बाइल अ‍ॅसिडची चाचणी दोनदा का?

बाइल अ‍ॅसिड, म्हणजे पित्ताम्लं, यकृत बनवतं आणि ती पित्ताशयात साठतात. जेवण पोटात गेलं की पित्ताशय आकुंचन पावतं, पित्त आतड्यात उतरतं, चरबी पचवतं, आणि मग बहुतेक पित्ताम्लं पोर्टल व्हेनमधून परत यकृतात खेचली जातात. निरोगी कुत्र्यात ती बाहेरच्या रक्तात फारशी दिसत नाहीत. शंट असेल तर यकृताला ती पकडताच येत नाहीत आणि जेवणानंतर रक्तातला आकडा चढतो.

म्हणून एक नमुना उपाशीपोटी आणि दुसरा थोडं चरबी असलेलं अन्न दिल्यावर बरोबर दोन तासांनी. फक्त उपाशीपोटीचा नमुना घेतला तर काही शंट निसटतात. पहिल्या नमुन्यासाठी साधारण १२ तासांचा उपास सांगतात, पण तीन किलोच्या पिल्लात तेवढ्या वेळात साखर धोकादायकपणे उतरू शकते. शंट असलेल्या पिल्लात तर जास्तच. म्हणून कोकोला ८ तासच उपाशी ठेवलं, आणि चिठ्ठीत तसं नोंदवलं. जेवण दोन-तीन चमचेच द्यायचं. भरपूर खायला घातलं तर रक्त चरबीने दुधाळ होतं, आकडा बिघडतो आणि पिल्लाला लक्षणांचा झटकाही येऊ शकतो.

कधी कधी उपाशीपोटीचा आकडा जेवणानंतरच्यापेक्षा मोठा येतो. प्रयोगशाळेने नमुन्यांची अदलाबदल केली असं लगेच समजू नये. उपासातच पित्ताशय मधूनच आकुंचन पावलं तर असं होतं. दोनपैकी मोठा आकडा धरायचा.

आपल्याकडे यकृताचं म्हटलं की अर्सोडिऑक्सिकोलिक अ‍ॅसिडची गोळी सुरू करण्याची पद्धत आहे. ते स्वतःच एक पित्ताम्ल आहे आणि चाचणीच्या आकड्यात मिसळू शकतं. आधी दिलं असेल तर चिठ्ठीत लिहायलाच हवं.

अमोनियाचं काय? तो मोजता आला तर उत्तम पुरावा आहे, पण नमुना बर्फावर ठेवून, अर्ध्या तासाच्या आत प्लाझ्मा वेगळा करून मोजावा लागतो. उशीर झाला तर नळीतच अमोनिया वाढतो आणि निरोगी कुत्राही आजारी दिसतो. कुरिअरने पाठवलेल्या नमुन्याच्या आकड्यापेक्षा ‘केलेला नाही’ ही ओळ जास्त प्रामाणिक आणि जास्त उपयोगी आहे.

सोनोग्राफीत वाहिनी दिसलीच नाही, म्हणजे ती नाहीच ना?

‘दिसली नाही’ आणि ‘नाही’ यांत मोठा फरक आहे. लहान कुत्र्यात ही वाहिनी काही मिलिमीटर रुंदीची, वळणं घेत जाणारी असते. पोटात वायू असेल, पिल्लू धापा टाकत असेल किंवा तपासणाऱ्याने रोज पोर्टल व्हेन शोधलेली नसेल, तर ती निसटते. म्हणून का पाहता आली नाही हे चिठ्ठीत आलं पाहिजे. यकृत लहान आणि मूत्रपिंडं मोठी, हे दिसलं तरी शंका पक्की व्हायला मदत होते.

मूत्राशयातल्या खड्यांची नोंदही महत्त्वाची. युरेटचे खडे साध्या एक्स-रेत बहुधा दिसत नाहीत, सोनोग्राफीत दिसतात. फक्त एक्स-रे पाहून ‘खडे नाहीत’ असं लिहिलं, तर शस्त्रक्रियेचं नियोजनच चुकतं.

‘पोटात पाणी नाही’ ही तीन शब्दांची ओळ तर बऱ्याच चिठ्ठ्यांमधून गळलेली असते, आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोलाची आहे. शंट जन्मजात नसून नंतर तयार झालेलेही असू शकतात. यकृत आजाराने कडक झालं की पोर्टल व्हेनमधला दाब वाढतो, आणि तो उतरवण्यासाठी शरीर अनेक छोट्या आडवाटा उघडतं. अशा रुग्णात पोटात पाणी साठण्याची शक्यता बरीच असते. या आडवाटा बंद करायच्या नसतात, कारण दाब सांभाळायला त्याच उरलेल्या असतात. पाणी नसल्याची नोंद तज्ज्ञाला एका जन्मजात वाहिनीच्या शक्यतेकडे नेते.

एर्लिकियाची तपासणी इथे कशाला?

महाराष्ट्रात गोचिडांमुळे होणारा एर्लिकिया आणि बॅबेसियाचा ताप सर्रास आढळतो. त्यातही अल्ब्युमिन उतरतं, पिल्लू मरगळतं, रक्त कमी होतं. लस न घेतलेल्या पिल्लात डिस्टेंपरही मेंदूची लक्षणं दाखवतो. फरक असा, की डिस्टेंपरची लक्षणं जेवणाच्या वेळेला बांधलेली नसतात आणि सहसा वाढत जातात. शंटची लक्षणं येतात आणि जातात. म्हणूनच लक्षण केव्हा आलं, त्याआधी काय खाल्लं आणि ते किती वेळ टिकलं, ही माहिती कित्येक तपासण्यांपेक्षा जास्त बोलते. ती फक्त घरच्यांकडे असते. मोबाइलवर व्हिडिओ काढावा आणि जेवणाची वेळ लिहून ठेवावी. दवाखान्यात पोहोचेपर्यंत पिल्लू अनेकदा अगदी शहाण्यासारखं वागत असतं.

औषधांनी बरी आहे, मग पुढे जायचं कशाला?

लॅक्टुलोज ही न पचणारी साखर. मोठ्या आतड्यात ती आम्लता वाढवते, त्यामुळे अमोनिया रक्तात शोषला न जाता तिथेच अडकतो आणि शौचावाटे जातो. मात्रा ठरवायची ती शौचावरून: दिवसातून दोन-तीनदा मऊ शौच झालं पाहिजे. पातळ जुलाब लागले तर मात्रा जास्त झाली; पाणी आणि पोटॅशियम कमी होऊन मेंदूची लक्षणं उलट वाढतात. बद्धकोष्ठतेनेही तेच होतं. मेट्रोनिडाझोल अमोनिया बनवणारे जिवाणू कमी करतं, पण ते यकृतच बाहेर टाकतं, म्हणून इथे नेहमीपेक्षा कमी मात्रा देतात, साधारण किलोमागे ७.५ मिग्रॅ. मात्रा चढली तर तोल जाणं, डोळे हलणं अशी लक्षणं येतात, आणि ती शंटचीच वाटतात. म्हणून चिठ्ठीत ‘अँटिबायोटिक सुरू’ असं न लिहिता नाव, मिलिग्रॅम आणि वेळा लिहायच्या.

आहारातली चूक उलट दिशेची असते. ‘प्रोटीन बंद’ ऐकून काही घरी पिल्लाला नुसता दूधभात किंवा पेज देतात. वाढत्या पिल्लाला प्रथिनं लागतातच. ती फार तोडली तर अल्ब्युमिन आणखी उतरतं आणि स्नायू झिजतात, आणि अमोनियाचा काही भाग हाताळणारे स्नायूच असतात. लाल मांस आणि कलेजी टाळून पनीर, दही, अंडं किंवा सोया, थोडं थोडं आणि दिवसातून चार-पाच वेळा, हे बरं पडतं. यकृतरोगासाठीचं तयार खाद्य मिळालं तर मोजमाप सोपं होतं.

एवढं केल्यावर बरीच पिल्लं सुधारतात. पण चोरनळ उघडाच राहतो. यकृत वाढत नाही, खडे होत राहतात. ज्या कुत्र्यांत शंट बंद करता येतो, ती शस्त्रक्रियेनंतर फक्त औषधांवरच्या कुत्र्यांपेक्षा सरासरी जास्त जगतात, असं तुलना करणाऱ्या अभ्यासात दिसलं आहे. औषधांचा खरा उपयोग शस्त्रक्रियेआधी पिल्लू स्थिर करण्यासाठी. कोकोच्या चिठ्ठीतले ‘१२ दिवस’ तज्ज्ञाला सांगतात की ती तयारी सुरू झाली आहे.

सीटी झाल्यावर पुढे काय होतं?

शिरेतून रंगद्रव्य देऊन केलेल्या सीटीत वाहिनी कुठून निघून कुठे मिळते ते त्रिमितीत दिसतं. यकृताबाहेर एकच शंट असेल तर तो बांधतात, पण अनेकदा एका झटक्यात नाही. छोट्या राहिलेल्या शुद्धीकरण केंद्रावर अचानक सगळं पाणी सोडलं तर आतले बारीक नळ ते झेपवू शकत नाहीत. तसंच पोर्टल व्हेनमधला दाब एकदम चढून जिवावर बेतू शकतं. म्हणून वाहिनीभोवती अमेरॉइड रिंग बसवतात. तिच्या आतला केसिनचा थर ओलावा शोषून काही आठवड्यांत फुगतो आणि वाहिनी हळूहळू बंद होते. सेलोफेनची पट्टी गुंडाळून तिथे तंतुमय ऊती वाढू देणं हा दुसरा मार्ग. यकृताच्या आतला शंट असेल तर शिरेतून नळी घालून धातूच्या गुंडाळ्या सोडण्याची पद्धत काही केंद्रांत वापरतात.

सीटीत मोठी वाहिनी सापडलीच नाही तर? मग यकृताच्या आतल्या सूक्ष्म पोर्टल शाखाच अपुऱ्या असण्याची शक्यता राहते. यॉर्कशायर, माल्टीजसारख्या लहान जातींत हे आढळतं. यकृताच्या तुकड्याच्या तपासणीने ते ठरतं, आणि त्यावर शस्त्रक्रिया नसते.

चिठ्ठी मिळाल्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत घरी काय सांभाळायचं?

नसबंदी आधी उरकून घेऊ नये. ती त्याच भुलीत होऊ शकते. केस कापण्यासाठी किंवा एक्स-रेसाठी गुंगीचं औषध दुसरीकडे कुठे घेऊ नये, आणि माणसांची वेदनाशामक गोळी कधीच देऊ नये. भुलीसाठी किती तास उपाशी ठेवायचं हे तज्ज्ञाच्या दवाखान्यालाच विचारावं आणि पिल्लाचं वजन सांगून विचारावं. प्रवासात लॅक्टुलोज सोबत ठेवावं. पिल्लू शुद्धीत नसेल किंवा झटका आला असेल तर तोंडातून काहीही न देता जवळच्या दवाखान्यात न्यावं आणि ही चिठ्ठी तिथे दाखवावी. तिथे लॅक्टुलोजचा एनिमा देता येतो आणि रक्तातली साखर तपासता येते.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले तीन दिवस सगळ्यात नाजूक. शंट नीट बंद झाला तरी काही कुत्र्यांना या काळात झटके येतात, म्हणून त्यांना दवाखान्यातच ठेवतात. त्यानंतर तज्ज्ञाकडून नेहमीच्या डॉक्टरांकडे उलटी चिठ्ठी यायला हवी: वाहिनी कुठे होती, कोणत्या पद्धतीने बांधली, औषधं कोणती आणि ती कधी कमी करायची, पोट फुगलं तर कुणाला फोन करायचा. साधारण तीन महिन्यांनी बाइल अ‍ॅसिड, अल्ब्युमिन आणि वजन पुन्हा पाहतात. बाइल अ‍ॅसिड थोडं चढलेलंच राहिलं, पण अल्ब्युमिन वर आलं, वजन वाढलं आणि औषधाविना लक्षणं नाहीत, तर बहुतेक तज्ज्ञ तो चांगला निकाल मानतात. आकडे आधीसारखेच असतील तर वाहिनी पूर्ण बंद झाली नाही किंवा नव्या आडवाटा उघडल्या, यातलं काय झालं हे पाहायला सीटी पुन्हा करावा लागतो.